टाकी भरायला किती हॉर्सपॉवरची मोटर?

मंडळी, आज एकच उदाहरण घेऊ, पण ते शेवटपर्यंत नेऊ. चार मजली सोसायटी आहे. गच्चीवर १०,००० लिटरची टाकी आहे, ती एका तासात भरायची आहे. खालच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून वर पाइप जिथे पाणी सोडतो तिथपर्यंतची उंची २० मीटर. उंची अशीच मोजायची, पंप कुठे बसवलाय तिथून नाही.

एक लिटर म्हणजे एक किलो पाणी. सेकंदाला पाणी चढतं २.७८ किलो. त्याला ९.८ ने आणि २० ने गुणलं की ५४४ वॅट येतात. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. मग वाटतं, एक हॉर्सपॉवर पुष्कळ झाली! पण हा हिशेब फक्त पाणी उचलण्याचा आहे.

पाइपात पाणी घासत जातं, वळणांवर अडतं. ते नुकसान जास्तीच्या उंचीसारखं धरतात. आपण ४ मीटर धरू. एकूण २४ मीटर झाले, म्हणजे ६५३ वॅट. आता पंपाची कार्यक्षमता ५० टक्के समजा. तर पंपाच्या दांड्यावर १३०६ वॅट द्यावे लागतील, म्हणजे पावणेदोन हॉर्सपॉवर. बाजारातून २ हॉर्सपॉवरची मोटर आणायची.

इथे बरेच जण आणखी एकदा भागतात, मोटरच्या कार्यक्षमतेने. तसं करू नका. मोटरच्या पाटीवरची हॉर्सपॉवर ही दांड्यावर मिळणारी शक्ती असते. मोटरची कार्यक्षमता लागते ती विजेच्या हिशेबाला. ती ७५ टक्के धरली तर मोटर १७४१ वॅट वीज ओढेल. तासाला सुमारे पावणेदोन युनिट.

समजा कोणी म्हणालं, टाकी अर्ध्या तासात भरू, पाइप तोच ठेवू. मग मोटर दुप्पट पुरेल का? नाही. प्रवाह दुप्पट झाला की घर्षणाचं नुकसान जवळजवळ चौपट होतं. ४ चे १६ मीटर झाले, एकूण ३६. कार्यक्षमता तीच धरली तरी शक्ती तिप्पट लागते, सव्वापाच हॉर्सपॉवर. आणि टाकी तेवढीच भरूनसुद्धा वीज दीडपट जाते. घाई असेल तर मोटरच्या आधी पाइप मोठा करा.

तुमच्या पंपाचं काय चाललंय ते तपासता येतं. टाकी रिकामी असताना पंप सुरू करा, भरायला लागलेला वेळ आणि मीटरवरचे युनिट लिहून ठेवा. आपल्या उदाहरणात पाणी नुसतं उचलायला ०.५४ युनिट पुरतात आणि मीटरवर १.७४ पडतात. म्हणजे विजेच्या साधारण ३१ टक्केच पाण्यापर्यंत पोचते. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. टाकी तीच, उंची तीच, पण युनिट वाढले असतील, तर पंपाचा पंखा झिजलाय, जाळी तुंबलीये किंवा व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहिलाय, हे शोधायला लागा.