पहिल्या आवृत्तीत काय नको?

मोबाइल ॲप काढणाऱ्या नव्या कंपनीच्या योजनेत दोन गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात. ॲपची पहिली आवृत्ती लोकांच्या हाती जाईल तेव्हा तिच्यात काय असेल आणि काय नसेल, ही पहिली. त्यानंतर कोणत्या क्रमाने काय येईल, ही दुसरी. पहिलीला या व्यवसायात एमव्हीपी, म्हणजे मिनिमम व्हाएबल प्रॉडक्ट म्हणतात आणि दुसरीला रोडमॅप. एमव्हीपी ही संज्ञा फ्रँक रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये वापरली. एरिक रीस यांच्या ‘द लीन स्टार्टअप’ या २०११ च्या पुस्तकामुळे ती सगळीकडे पोचली. रीस यांनी दिलेला अर्थ नेमका आहे: ग्राहकाबद्दल जे जाणून घ्यायचे आहे ते कमीत कमी श्रमात कळावे, एवढीच आवृत्ती आधी बनवायची. अर्धवट किंवा स्वस्तात उरकलेले ॲप म्हणजे एमव्हीपी, अशी समजूत बरीच पसरलेली आहे आणि तिने पुष्कळ नुकसान केले आहे. एमव्हीपीत कामे थोडी असतात, पण जी असतात ती नीट चालावी लागतात.

थोडी म्हणजे किती, हे कशावरून ठरवायचे? इन्स्टाग्रामच्या जन्मकथेतून त्याचे उत्तर चांगले समजते.

२०१० च्या सुरुवातीला केविन सिस्ट्रॉम अमेरिकेत ‘बर्बन’ नावाच्या ॲपवर काम करत होते. आपण कुठे आहोत ते नोंदवायचे, पुढे कुठे जाणार ते मित्रांना कळवायचे, मित्रांसोबत वेळ घालवल्याबद्दल गुण मिळवायचे आणि फोटो टाकायचे, असे सगळे त्यात होते. या कल्पनेवर त्यांना पाच लाख डॉलरचे भांडवल मिळाले आणि माइक क्रीगर त्यांना येऊन मिळाले. दोघांनी बर्बनचे आयफोनसाठी पूर्ण ॲप तयार केले. ते हाताळल्यावर त्यांच्या लक्षात आले की त्यात फार गर्दी झाली आहे. वापरणारे लोक मात्र फोटो आवडीने टाकत होते. तेव्हा फोटो, त्यावरची टिप्पणी आणि ‘लाइक’ एवढे ठेवून बाकीचे सगळे त्यांनी काढून टाकले आणि नव्याने सुरुवात केली. सुमारे आठ आठवड्यांत नवे ॲप तयार झाले. ६ ऑक्टोबर २०१० रोजी ते ‘इन्स्टाग्राम’ या नावाने ॲपल स्टोअरवर आले आणि पहिल्याच दिवशी २५,००० लोकांनी ते घेतले.

या कथेतून ‘कमी करा’ एवढाच बोध घेतला जातो. पण काय ठेवले, ते जास्त शिकवणारे आहे. त्या वेळी फोनवरून फोटो पाठवण्यात तीन अडचणी होत्या. फोनचे फोटो साधारण दिसत. ते चढवायला फार वेळ लागे. आणि तोच फोटो वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा टाकावा लागे. इन्स्टाग्रामच्या पहिल्या आवृत्तीत या तिन्हींवर एकेक उपाय होता. फोटोला वेगळा रंग देणारे फिल्टर दिले. वापरणारा फोटोखाली ओळ लिहीत असतानाच फोटो मागच्या मागे चढू लागे, त्यामुळे ‘पाठवा’ म्हणेपर्यंत बरेचसे काम झालेले असे. आणि एकदा टाकलेला फोटो तिथूनच ट्विटर, फेसबुक अशा ठिकाणी पाठवता येई. मागच्या मागे फोटो चढवणे ही पडद्यावर न दिसणारी सोय आहे. घाईत केलेल्या काटछाटीत अशीच सोय पहिली जाते, आणि मग ॲप तर तयार होते, पण लोकांची अडचण तशीच राहते. म्हणून एमव्हीपीचा आवाका फीचरच्या यादीवरून ठरवू नये. कोणाची कोणती अडचण सुटते आहे, हे वाक्य आधी लिहावे आणि प्रत्येक फीचर त्या वाक्यापुढे उभे करून पाहावे. जे काढल्यावरही अडचण सुटते, ते पहिल्या आवृत्तीत नको.

यानंतर हिशेब येतो, आणि तो कागदावर मांडावाच लागतो. समजा, असेच फोटोंचे ॲप आज दोन प्रोग्रामर आठ आठवड्यांत बनवणार आहेत. आठवड्याचे पाच दिवस धरले तर दोघांचे मिळून ८० दिवस होतात. वेगवेगळ्या फोनवर तपासणी, चुकांची दुरुस्ती आणि स्टोअरची मंजुरी यांसाठी २५ दिवस बाजूला काढले की बांधणीला ५५ उरतात. आता कामे मांडू. कॅमेरा आणि फोटो कापणे यांना ८ दिवस, फिल्टरना १०, नेटवर्क तुटले तरी फोटो चढवत राहणाऱ्या यंत्रणेला ९, फोटोंच्या मुख्य पानाला ७, लाइक आणि टिप्पणीला ६, खाते उघडणे व इतरांना फॉलो करणे यांना ७, आणि तीन ठिकाणी फोटो पाठवण्याच्या सोयीला ५. बेरीज ५२ येते. सगळे बसले असे वाटते.

पण यात एक गोष्ट राहिली आहे आणि ती नव्या कंपन्यांच्या योजनांत हमखास राहते: स्टोअरचे नियम. ज्या ॲपमध्ये लोक स्वतःचा मजकूर किंवा फोटो टाकतात, त्यात आक्षेपार्ह गोष्टी रोखण्याची, त्यांची तक्रार करण्याची आणि त्रास देणाऱ्याला ब्लॉक करण्याची सोय असलीच पाहिजे, असा ॲपलचा नियम आहे. ॲपमध्ये खाते उघडता येत असेल, तर ते ॲपमधूनच काढून टाकताही आले पाहिजे. ही कामे पाच दिवसांची धरली तर बेरीज ५७ होते, म्हणजे उपलब्ध दिवसांपेक्षा दोन दिवस जास्त. इथे शनिवार-रविवार काम करून भागवू, असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळून फोटो तीन ठिकाणांऐवजी एकाच ठिकाणी पाठवण्याची सोय ठेवावी. त्यातून तीन दिवस वाचतात आणि काम ५४ दिवसांत बसते. तपासणीचे २५ दिवस मात्र तोडू नयेत. गुगल प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला तर ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. आठव्या आठवड्याच्या शुक्रवारी ॲप तयार करून सोमवारी बाजारात आणण्याचा बेत या एका नियमाने कोसळतो.

आवाका ठरवताना फोन कोणता, हाही निर्णय असतो. इन्स्टाग्राम सुरुवातीला फक्त आयफोनवर होते. त्याच वर्षी जूनमध्ये आयफोन ४ आला होता, त्याचा कॅमेरा चांगला होता आणि हौशी मंडळी तिथे सापडत होती. अँड्रॉइडवर ते ३ एप्रिल २०१२ रोजी, म्हणजे दीड वर्षाने आले. दोघांच्या हातून दोन्हीकडचे काम एकाच वेळी चांगले झाले नसते. भारतात आज बहुतेकांकडे अँड्रॉइड आहे. त्यामुळे पुण्यात किंवा कोल्हापुरात बसून सर्वसामान्य ग्राहकासाठी ॲप काढणाऱ्याला तोच निकष उलट उत्तर देईल: आधी अँड्रॉइड, आणि तेही कमी मेमरीच्या, दोन-तीन वर्षे जुन्या फोनवर तपासलेले.

आता रोडमॅप. बारा महिन्यांचा तक्ता आखून प्रत्येक महिन्यापुढे एक फीचर लिहिणे, ही त्याची सर्वांत प्रचलित आणि सर्वांत फसवी रीत आहे. सहाव्या महिन्यात लोकांना काय हवे असेल हे पहिल्या महिन्यात कोणालाच ठाऊक नसते, पण तक्त्यात लिहिले की ते वचन होऊन बसते. त्यापेक्षा ‘आत्ता’, ‘पुढे’ आणि ‘नंतर’ असे तीन रकाने बरे. ‘आत्ता’मध्ये येत्या सहा-आठ आठवड्यांची कामे तारखांसह येतात. ‘पुढे’मध्ये फीचरऐवजी अडचणी लिहायच्या, उदाहरणार्थ ‘अनोळखी लोकांचे चांगले फोटो सापडत नाहीत’. ‘नंतर’मध्ये नुसते विषय असतात. इन्स्टाग्रामने वरच्यासारख्या अडचणीवर जानेवारी २०११ मध्ये हॅशटॅग आणले. व्हिडिओ जून २०१३ मध्ये आले आणि खासगी निरोप त्याच वर्षी डिसेंबरमध्ये.

एका रकान्यातून दुसऱ्यात जाण्याची अट मोजता येणारी हवी, आणि ती ॲप बाजारात जाण्याआधी लिहिलेली हवी. नंतर लिहिली तर हाती आलेला आकडाच पुरेसा वाटू लागतो. किती जणांनी ॲप घेतले, हा आकडा सुखावतो, पण त्यातून फारसे कळत नाही. आपल्या उदाहरणातील ॲप पहिल्या आठवड्यात २०० जणांनी घेतले, १२० जणांनी पहिला फोटो टाकला आणि पुढच्या आठवड्यात त्यांपैकी ३० जणांनी पुन्हा टाकला, असे समजू. यात दोन वेगळ्या गळती दिसतात. ८० जण पहिल्या फोटोपर्यंतही पोचले नाहीत, म्हणजे खाते उघडण्याचा किंवा परवानग्या देण्याचा टप्पा जड आहे. तो काही दिवसांत सुधारता येतो. पण फोटो टाकलेल्यांपैकी चौथाच हिस्सा परतला, आणि योजनेत अट एक तृतीयांशाची होती, तर प्रश्न गाभ्याचा आहे. अशा वेळी ‘पुढे’च्या रकान्यातले काहीही उचलू नये. परत न आलेल्यांपैकी दहा-पंधरा जणांशी बोलावे, एकच बदल करावा आणि नंतरच्या आठवड्यात आलेल्या नव्या लोकांचा तोच आकडा पुन्हा पाहावा. सगळ्यांची एकत्र बेरीज पाहिली तर जुन्या-नव्यांची सरमिसळ होते आणि सुधारणा झाली की नाही ते कळत नाही.

रोडमॅप कधीकधी यशामुळेही मोडतो. इन्स्टाग्राम सुरू झाले तेव्हा ते लॉस एंजेलिसमधल्या एकाच सर्व्हरवर चालत होते आणि पहिल्या दिवसाच्या गर्दीपुढे तो टिकेना. पुढचे दिवस नवी फीचर बाजूला ठेवून ॲप चालू ठेवण्यात आणि सगळा कारभार ॲमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरवर हलवण्यात गेले. म्हणून ‘आत्ता’च्या रकान्यात बाजारात आल्यानंतरचे पहिले दोन आठवडे रिकामे ठेवलेले बरे. ते कशात जातील हे आधी सांगता येत नाही, पण ते जातात.

ही पद्धत सगळीकडे सारखी लागू होत नाही. पैशांचे व्यवहार किंवा रुग्णांची माहिती हाताळणाऱ्या ॲपमध्ये सुरक्षितता आणि कायद्याच्या अटी हा किमान भाग असतो. तिथे पहिली आवृत्ती मोठीच होते. काटछाट करायची असेल तर ती ग्राहकांच्या संख्येत किंवा गावांच्या संख्येत करावी: एकच शहर, थोडेच लोक, पण व्यवहार पूर्ण आणि सुरक्षित. तिथे सुरक्षिततेचे काम ‘नंतर’च्या रकान्यात टाकणारी योजना नाकारावी, मग बाकीचा आराखडा कितीही चांगला असो.