चौघांच्या रेकॉर्डिंगमधून फक्त एकीचंच बोलणं कसं वेगळं काढायचं?

ग्राहकाचा अनुभव, डीलरशी झालेली चर्चा, गटाची बैठक असं काहीतरी आपण रेकॉर्ड करतो. नंतर वापरायचं असतं त्यातल्या एकाच माणसाचं बोलणं. ते कसं काढायचं, हे व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय. इथे तीच पद्धत सावकाश, आकड्यांसह लिहितो.

उदाहरण असं घेऊ. रेकॉर्डिंग ३४ मिनिटांचं आहे आणि चौघं बोलतायत. प्रश्न विचारणारा मी Speaker 1, पापडाचा धंदा करणाऱ्या ताई Speaker 2, आणि आणखी दोघी. यातल्या Speaker 3 ताईंनी आपल्या कर्जाचे आकडे सांगितलेत आणि स्पष्ट बजावलंय, "माझा आवाज बाहेर जाता कामा नये." पापडवाल्या ताईंची मात्र पूर्ण परवानगी आहे. म्हणजे इथे अंदाजे कापून चालणार नाही. दुसरीचा अर्धा शब्दही आत राहता कामा नये.

आपल्या हातात दोन गोष्टी हव्यात: मूळ ऑडिओ, आणि त्याच ऑडिओची ट्रान्सक्रिप्ट, ज्यात प्रत्येक ओळीला वेळ आणि बोलणाऱ्याचं लेबल आहे. `.vtt` फाइल नोटपॅडमध्ये उघडली की अशी दिसते:

```
14
00:03:02.100 --> 00:03:06.400
Speaker 1: पाकिटाचा भाव कधी वाढवला?

15
00:03:07.000 --> 00:03:12.600
Speaker 2: दिवाळीनंतर.

16
00:03:12.900 --> 00:03:21.300
Speaker 2: आधी वजन कमी करायचं ठरलं होतं, पण...

17
00:03:21.100 --> 00:03:22.000
Speaker 3: हो ना!

18
00:03:22.300 --> 00:03:31.800
Speaker 2: ...गिऱ्हाईक लगेच ओळखतं.
```

आधी लेबल तपासा

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. लेबलं सॉफ्टवेअरने आवाजावरून लावली असतील, तर "हं", "हो", "बरोबर" असे छोटे शब्द सर्रास चुकीच्या माणसाच्या नावावर जातात. कधी एकाच बाईचे दोन Speaker होतात. माणसं चार आणि लेबलं पाच दिसली, की समजायचं कुणाचे तरी दोन तुकडे झालेत. ऑनलाइन मीटिंगची ट्रान्सक्रिप्ट असेल तर उलटा घोळ होतो. तिथे नाव लॉगिनचं असतं, त्यामुळे एका मोबाइलसमोर दोघी बसल्या तर दोघींचं बोलणं एकाच नावावर येतं.

म्हणून Speaker 2 ची प्रत्येक ओळ सुरुवातीचे दोन सेकंद ऐकायची. दोन सेकंदांपेक्षा छोट्या ओळी मात्र पूर्ण ऐकायच्या, मग त्या कुणाच्याही नावावर असोत. लेबल चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त करायचं.

मग वेळेचे सेकंद करा

गूगल शीटमध्ये चार रकाने करा: सुरुवात, शेवट, कोण, काय. वेळेचे रकाने 'प्लेन टेक्स्ट' ठेवा, नाहीतर शीट आपल्या मनाने वेळ बदलतं. वेळेचे सेकंद करायला हा फॉर्म्युला:

```
=VALUE(LEFT(A2,2))*3600+VALUE(MID(A2,4,2))*60+VALUE(MID(A2,7,6))
```

`00:03:07.000` चे १८७ सेकंद होतात. फाइल `.srt` असेल तर सेकंदांनंतर टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो. तो आधी बदलून घ्या.

ओळी जोडा, कडा ठरवा

ट्रान्सक्रिप्टची एक ओळ म्हणजे एक बोलणं नव्हे. ओळ १५ आणि १६ दोन्ही ताईंच्याच आहेत आणि मध्ये फक्त ०.३ सेकंद श्वासाची जागा आहे. तिथे कापलं तर बोलणं तुटक वाटतं. म्हणून मध्ये दुसरं कुणी बोललेलं नसेल आणि अंतर एका सेकंदाच्या आत असेल, तर ओळी एकत्र करायच्या. आता तुकडा झाला १८७.० ते २०१.३.

पहिलं अक्षर खाल्लं जाऊ नये म्हणून सुरुवातीला ०.२ सेकंद जास्त घ्यायचे: १८६.८. Speaker 1 चा प्रश्न १८६.४ ला संपलाय, त्यामुळे तो आत येत नाही. शेवटी मात्र अडचण आहे. Speaker 3 ताई २०१.१ लाच "हो ना" म्हणाल्यात, म्हणजे ०.२ सेकंद दोघींचे आवाज एकमेकांवर आलेत. एकाच माइकवर मिसळलेला आवाज कापून वेगळा होत नाही. आपण शब्द दिलाय, त्यामुळे तुकडा २०१.१ लाच थांबवायचा. ताईंच्या "पण" ची शेपटी थोडी जाईल, ती जाऊ द्या. पुढचा तुकडा २०२.१ ते २११.८.

आता नको असलेलं काढा

कापायला ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. ताईंचे तुकडे एकेक उचलून जोडत बसण्यापेक्षा त्यांच्या मधलं सगळं काढून टाकणं सोपं. शीटमध्ये एका तुकड्याचा शेवट आणि पुढच्या तुकड्याची सुरुवात एका ओळीत घ्या. समजा ताईंचा आधीचा तुकडा १६०.५ ला संपला आणि नंतरचा २४०.० ला सुरू झाला, तर ओळी अशा होतात:

```
160.5	186.8	out
201.1	202.1	out
211.8	240.0	out
```

अगदी पहिली ओळ 0 पासून सुरू करा आणि शेवटची रेकॉर्डिंगच्या शेवटापर्यंत न्या. हे तीन रकाने शीटमधून कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केले की मध्ये टॅब आपोआप येतात. `.txt` म्हणून सेव्ह करा.

ऑडॅसिटीत ऑडिओ उघडा आणि `File > Import > Labels` मधून ही फाइल घ्या. थांबा, लगेच कापू नका! सुरुवातीचं एक आणि अगदी शेवटचं एक लेबल वाजवून बघा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल, तर ट्रान्सक्रिप्ट झाल्यावर ऑडिओची सुरुवात कुणीतरी छाटलीय. तेवढे सेकंद सगळीकडे वजा करा. शेवटी शेवटी फरक वाढत गेला असेल, तर ऑडिओ आणि ट्रान्सक्रिप्ट एकाच फाइलचे नाहीत. मूळ फाइल शोधा.

सगळं जुळलं की `Ctrl+A`, मग `Edit > Labeled Audio > Delete`. उरलं ते फक्त ताईंचं बोलणं. नव्या नावाने एक्सपोर्ट करा, मूळ फाइलला हात लावू नका.

शेवटी अर्थ तपासा

आता हेडफोन लावून सगळं एकदा सलग ऐका. दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, Speaker 3 चा आवाज कुठे राहिलाय का. दुसरी, प्रश्न गेल्यामुळे उत्तर फिरलंय का. "दिवाळीनंतर." हे एकटं ऐकून कुणाला काय कळणार? तिथे स्क्रीनवर प्रश्न लिहून दाखवा. पण नुसतं "हो" किंवा "अजिबात नाही" असलेले तुकडे सरळ काढून टाका. "तोटा झाला का?" याला दिलेलं "हो" नफ्याच्या वाक्याला चिकटलं, तर ताईंच्या तोंडी न बोललेली गोष्ट जाते. तयार क्लिप त्यांना ऐकवा, त्यांनी होकार दिला की मगच टाका.

पुढच्या वेळी ऑनलाइन बोलणार असाल, तर झूममध्ये स्वतःच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करताना प्रत्येकाचा ऑडिओ वेगळ्या फाइलमध्ये साठवायचा पर्याय सेटिंगमध्ये आधीच चालू करा. मग "हो ना" कितीही मध्ये आलं, तरी ते दुसऱ्याच फाइलमध्ये राहतं. समोरासमोर बसणार असाल, तर एवढंच सांगून ठेवा: "ताई, उत्तर देताना माझा प्रश्न आधी बोला." दिवाळीनंतर भाव वाढवला, असं पूर्ण वाक्य मिळालं की अर्ध्या दुरुस्त्या करायची वेळच येत नाही.