रांग, लिलाव आणि न्यायालयाची फूटपट्टी

मोबाइलचे बोलणे ज्या रेडिओलहरींवरून जाते, त्यांचा वापरता येण्याजोगा पट्टा मर्यादित असतो. एकाच भागात एकच तुकडा दोन कंपन्यांना दिला तर दोघींचेही संदेश एकमेकांत मिसळतात. त्यामुळे कोणता तुकडा कोणाला द्यायचा, हे सरकारला ठरवावेच लागते. खाणी आणि कोळशाचे साठे यांचीही तीच गत आहे. मागणारे पुष्कळ आणि देण्याजोगे थोडे असले की मार्ग दोन उरतात: बोली लावून जास्त पैसे देणाऱ्याला द्यायचे, किंवा सरकारने आपल्या अधिकारात, काही निकष लावून, निवड करायची. सरकारने निवडलेला मार्ग न्यायालय कसा तपासते, हे टू-जी स्पेक्ट्रमच्या खटल्यात सर्वांत स्पष्ट दिसते.

२००७ साली दूरसंचार परवान्याबरोबर सुरुवातीचे स्पेक्ट्रमही मिळत असे. देशभराच्या परवान्याचे प्रवेशशुल्क १,६५८ कोटी रुपये होते आणि हा आकडा २००१ च्या बोलीतून आलेला होता. मधल्या सहा वर्षांत मोबाइल श्रीमंतांच्या हातातून भाजीवाल्याच्या हातात पोहोचला, पण शुल्क जागचे हलले नाही. इतक्या स्वस्तात परवाना मिळत असेल तर गर्दी होणारच. दूरसंचार विभागाने १ ऑक्टोबर २००७ ही अर्जांची शेवटची तारीख जाहीर केली आणि तोवर ५७५ अर्ज आले. वाटपाची पद्धत होती ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’.

ऐकायला ही पद्धत निर्दोष वाटते. जो आधी आला त्याला आधी, यात पक्षपात कुठला? पण रांग कुठून मोजायची हे ठरवणाऱ्याच्या हाती सगळी सत्ता असते. १० जानेवारी २००८ रोजी विभागाने पत्रक काढून सांगितले, की २५ सप्टेंबर २००७ पर्यंत आलेलेच अर्ज विचारात घेतले जातील. म्हणजे मुदत मागाहून मागे खेचली गेली. त्याच दिवशी अर्जदारांना दुपारी साडेतीन ते साडेचार या तासाभरात इरादापत्रे घ्यायला बोलावण्यात आले. शिवाय रांगेतला क्रमांक अर्जाच्या तारखेवरून न ठरता, इरादापत्रातल्या अटी आधी कोण पुऱ्या करतो यावरून ठरू लागला. शुल्काचे धनाकर्ष आणि बँक हमी आधी सादर करणारा पुढे गेला, अर्ज आधी केलेला मागे पडला. कोट्यवधी रुपयांचे धनाकर्ष काही तासांत उभे राहत नाहीत. काही अर्जदारांजवळ ते आधीच तयार होते, याचा अर्थ आतली बातमी त्यांना मिळालेली होती.

२ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी आणि ए. के. गांगुली यांच्या खंडपीठाने हे १२२ परवाने रद्द केले. प्रथम येणाऱ्यास प्राधान्य देण्याची पद्धत मुळातच सदोष आहे, कारण तीत योगायोगाला वाव आहे आणि सत्तेच्या दालनांत वावरणाऱ्याला आयता फायदा मिळतो, असे न्यायालयाने म्हटले. नैसर्गिक संपत्ती खासगी हातांत देताना व्यापक प्रसिद्धी देऊन लिलाव करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असेही निकालात आले.

हे वाक्य सरकारला फार रुंद वाटले. मग पाणी, जमीन, खनिजे सगळ्यांचाच लिलाव करायचा का? राज्यघटनेच्या १४३ व्या कलमानुसार राष्ट्रपतींच्या नावे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांच्या पाच सदस्यीय पीठाने २७ सप्टेंबर २०१२ रोजी मत दिले, की लिलाव ही घटनेची सक्ती नाही आणि आधीचा निकाल स्पेक्ट्रमपुरता आहे. शासनाचे ध्येय नेहमी जास्तीत जास्त महसूल हेच असेल असे नाही. लोककल्याणासाठी एखादी संपत्ती स्वस्तात देणेही न्याय्य असू शकते. कोणता मार्ग अधिक शहाणपणाचा, हे ठरवणे शासनाचे काम आहे, त्या जागी न्यायालय बसणार नाही.

पण त्या मोकळीकीला एक कुंपण आहे आणि या मताचा खरा अर्थ तिथेच आहे. निवडलेली पद्धत १४ व्या कलमाच्या म्हणजे समानतेच्या कसोटीला उतरली पाहिजे. ती मनमानी नको, पारदर्शक हवी, ठरावीक माणसांसाठी शिवलेली नको. शिवाय कल्याणाचा कोणताही हेतू नसताना मौल्यवान संपत्ती नफ्यासाठी धंदा करणाऱ्या खासगी उद्योजकाला द्यायची असेल आणि स्पर्धा टाळली असेल, तर ते मनमानी ठरू शकते. म्हणून वाटप करणाऱ्याला ‘स्वस्तात दिल्याने लोकांचे काय साधले?’ या प्रश्नाचे उत्तर कागदावर ठेवावे लागते.

हीच फूटपट्टी कोळशाला लागली. १९९३ पासून छाननी समितीच्या ३६ बैठकांमधून झालेल्या खाणपट्ट्यांच्या वाटपाबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये निकाल दिला. लिलाव का केला नाही, यावर न्यायालयाने वाटप पाडले नाही. अर्जदारांची एकमेकांशी तुलना झाल्याचे समितीच्या नोंदींत दिसेना आणि निकष बैठकीगणिक बदलत गेले, म्हणून ते पाडले. पुढच्या महिन्यात २१८ पैकी २१४ वाटपे रद्द झाली.

गोव्याच्या लोहखनिजात दोष घाईचा होता. खनिजपट्टे लिलावाने देण्याचा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ रोजी आला. त्याआधीच्या काही आठवड्यांत राज्याने ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण उरकले होते. नव्याने पट्टे द्यायचे असताना जुनेच लांबवले, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ती नूतनीकरणे रद्द केली आणि मार्चच्या मध्यापासून तिथले खाणकाम थांबले. धक्का पट्टेधारकांपुरता राहिला नाही. ट्रक, बार्ज आणि खाणींवर पोट असलेल्या गावांनाही तो बसला.

लिलाव हा रामबाण उपाय नाही, हेही टू-जीनेच दाखवले. कॅगने संभाव्य तोट्याचा वरचा अंदाज १.७६ लाख कोटी रुपये दिला होता आणि त्यात २०१० च्या थ्री-जी लिलावातल्या किमती आधार होत्या. रद्द परवान्यांचे स्पेक्ट्रम नोव्हेंबर २०१२ मध्ये लिलावाला निघाले तेव्हा जेमतेम ९,४०० कोटींच्या बोली आल्या. आधारभूत किंमत चढी ठेवल्याने मुंबई आणि दिल्लीसाठी तर कोणी बोलीच लावली नाही. त्या वर्षीच्या किमतीत चूक कमी किमतीची होती की जास्त किमतीची, हा वाद अजून मिटलेला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने फौजदारी खटल्यातल्या सर्व आरोपींना निर्दोष सोडले, तेव्हा घोटाळा झालाच नव्हता असा सूर निघाला. पण दोन्ही न्यायालयांपुढचे प्रश्न वेगळे होते. माणसाचा गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, तर पद्धत मनमानी होती का हे कागदपत्रांवरून ठरते. परवान्यांची रद्दबातलता त्या सुटकेने पुसली गेली नाही.

आता २०२३ च्या दूरसंचार कायद्यात लिलाव हा नियम आहे. लिलावाविना, प्रशासकीय मार्गाने स्पेक्ट्रम देता येतील असे अपवाद पहिल्या अनुसूचीत नावानिशी दिले आहेत आणि उपग्रहाधारित काही सेवा त्यात आहेत.