पॉकेटमनीची रोजकीर्द: तीन महिन्यांचा प्रकल्प

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी अर्थसाक्षरतेचे प्रकल्प पुष्कळ सुचवले जातात. बँकेला भेट द्यायची, शेअरचे भाव तक्त्यात मांडायचे, जाहिरातींची कात्रणे चिकटवायची. यांपैकी बहुतेकांत पैसा दुसऱ्याचा असतो. स्वतःच्या हातखर्चाची रोजकीर्द लिहिण्याच्या प्रकल्पात मात्र आकडे मुलाच्या खिशातले असतात, म्हणून तो सर्वांत साधा असूनही सर्वांत जास्त शिकवतो. त्याला एक वही आणि सलग तीन महिने लागतात. पहिल्या महिन्यात फक्त नोंदी, दुसऱ्यात अंदाजपत्रक आणि तिसऱ्यात त्या अंदाजपत्रकाची दुरुस्ती, असा त्याचा क्रम असतो.

वहीच्या पानावर तारीख, तपशील, जमा, खर्च आणि शिल्लक असे पाच रकाने आखतात. पहिली ओळ लिहिण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते: हिशेब कोणत्या पैशांचा? फी, कपडे, शिकवणीचे पैसे पालक भरत असतील तर ते या वहीत येत नाहीत. मुलाच्या हातात आलेला आणि त्याच्या मर्जीने गेलेला पैसा तेवढा येतो. आईच्या फोनवरून स्कॅन करून घेतलेले आइस्क्रीम मात्र लिहायलाच हवे. खिशातून नोट जात नाही, त्यामुळे असा खर्च नेमका विसरला जातो. ती रक्कम आईकडून जमा आणि खाण्यावर खर्च, अशी दोन्हीकडे मांडली की शिल्लक बिघडत नाही.

एका काल्पनिक मुलीचे उदाहरण घेऊ. तिला महिन्याला 600 रुपये मिळतात आणि आधीचे 140 रुपये पाकिटात आहेत. म्हणजे 1 तारखेला शिल्लक 740. पहिल्या आठवड्यात वडापाव 60, शेअर रिक्षा 80, वही आणि रिफिल 65, मैत्रिणीच्या वाढदिवसाची वर्गणी 50, असा 255 रुपये खर्च वहीत दिसतो. रविवारी पाकिटात 485 रुपये असायला हवेत. मोजले तर 447 निघतात. 38 रुपयांचा पत्ता नाही. आठवून पाहिल्यावर गुरुवारच्या पाणीपुरीचे 30 सापडतात. उरलेले 8 काही केल्या आठवत नाहीत. ते ‘फरक’ म्हणून तसेच लिहायचे आणि पुढचा आठवडा खऱ्या शिल्लकेवरून सुरू करायचा. ताळा जुळावा म्हणून कल्पनेने ‘चॉकलेट 8’ लिहिले की त्या दिवसापासून वहीचा उपयोग संपतो.

पाकिटात वहीपेक्षा जास्त पैसे निघाले तर मुले खूश होतात. खरे तर तीही चूकच असते. आजीने हातावर ठेवलेले 50 रुपये जमेत लिहायचे राहिलेले असतात, किंवा घरासाठी आणलेल्या कोथिंबिरीचे उरलेले सुटे पैसे परत द्यायचे राहून गेलेले असतात. दुसऱ्या प्रकारातले पैसे आपले नसतातच.

उधारीची नोंद याहून अवघड. या मुलीने मैत्रिणीला 40 रुपये दिले. पाकीट हलके झाले, पण हा खर्च नव्हे; हे ‘येणे’ आहे. त्यासाठी वहीच्या शेवटी येणे-देण्याचे वेगळे पान ठेवतात. कँटीनवाल्याकडे मांडून ठेवलेला समोसा उलट बाजूचा: पैसे गेलेले नाहीत, पण खर्च झालेला आहे.

महिनाअखेर रोजकीर्दीतून खतावणी काढायची, म्हणजे पसरलेल्या नोंदी खात्यांनुसार गोळा करायच्या. या मुलीच्या महिन्यात खाणे 260, प्रवास 160, शाळेचे सामान 95, वर्गणी 50 आणि सगळे फरक धरून किरकोळ 15, असा एकूण 580 रुपये खर्च निघाला. आजीचे 50 धरून जमा 650. सुरुवातीच्या 140 मध्ये 650 मिळवले, 580 खर्च आणि 40 उधार वजा केले, की पाकिटात 170 उरतात. येणे धरले तर तिचे स्वतःचे 210 रुपये आहेत. म्हणजे महिन्याची बचत 70. बहुतेक मुले इथे 170 वर बोट ठेवतात. पाकिटातली शिल्लक आणि त्या महिन्याची बचत यांतला भेद याच पानावर कळतो.

आता तिला 900 रुपयांची बॅडमिंटनची रॅकेट घ्यायची आहे. शिलकीतले 150 तिने डब्यात टाकले, राहिले 750. महिन्याला 70 च्या वेगाने जवळजवळ अकरा महिने लागतील. 150 वाचवले तर पाच. म्हणून 1 तारखेलाच 150 बाजूला काढून उरलेल्या 450 ची वाटणी तिने केली: खाणे 190, प्रवास 140, सामान 60, वर्गणी 30 आणि अडीअडचणीला 30.

पहिले अंदाजपत्रक सहसा मोडते. स्नेहसंमेलनाच्या तालमींमुळे खाण्यावर 235 गेले, म्हणजे 45 जास्त. त्यातले 30 अडीअडचणीतून आणि 15 प्रवासातून वळवले, आणि तशी नोंद केली. डब्याला हात लावला नाही. तिसऱ्या महिन्यातही खाणे 190 च्या पुढे जाऊ लागले, तर दोष मुलीचा नसून आकड्याचा आहे असे समजावे. खाण्याला 220 धरून बचत 120 वर आणली, तर रॅकेट एक महिना लांबते. हा सौदा कागदावर दिसला, की आठवड्याला एक वडापाव सोडायचा की महिनाभर थांबायचे, हे तिचे तिला ठरवता येते.

डब्यात 500 रुपये साठले की खात्याचा विचार करता येतो. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या परिपत्रकानुसार दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बँक स्वतः चालवण्याचे बचत खाते देऊ शकते. मर्यादा मात्र प्रत्येक बँक आपली आपण ठरवते. पोस्टाचे बचत खातेही दहाव्या वर्षापासून स्वतःच्या नावाने काढता येते, किमान 500 रुपयांत. पोस्टात व्याजासाठी महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरतात, त्यामुळे 12 तारखेला भरलेल्या पैशांवर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. 4 टक्के दराने 500 रुपयांवर वर्षाचे व्याज 20 रुपये होते. आणि आर्थिक वर्षअखेर शिल्लक 500 च्या खाली असेल तर 50 रुपये कापले जातात. म्हणून जे पैसे चार महिन्यांत रॅकेटवर जाणार आहेत, त्यांना घरचा डबाच बरा.

प्रकल्प तपासताना शिक्षकांना खोटी वही ओळखणे फारसे कठीण नसते. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत केल्यासारख्या दिसतात, आकडे पाच-दहाच्या पटीत येतात आणि तीन महिन्यांत एकदाही फरक पडत नाही. खऱ्या वहीत खाडाखोड असते. पालकांनी नोंदी वाचून रागावायला सुरुवात केली, तरीही वही खोटी होऊ लागते: आधी खाण्याचे आकडे घटतात, मग ‘इतर’ फुगते. त्यामुळे शाळेत रोजकीर्द न मागवता तीन महिन्यांच्या खतावण्या, दोन अंदाजपत्रके, आणि कोणता आकडा का बदलला याचे पानभर स्पष्टीकरण एवढेच मागवावे. मूळ वही मुलाकडेच राहू द्यावी.