इओसिनोफिल वाढले, मग जंत कुठे आहेत?

रक्ताच्या अहवालात पांढऱ्या पेशींचे प्रकार एकाखाली एक छापलेले असतात. त्यांतल्या इओसिनोफिलसमोरचा आकडा एरवी 6 टक्क्यांच्या आत असतो. तो वाढला की आपण ‘ॲलर्जी असेल’ म्हणून अहवाल बाजूला ठेवतो. पुष्कळदा ती असतेही. दमा आणि काही औषधांनीही या पेशी वाढतात. पण आपल्या हवामानात, आपल्या मातीत, जंतांचा विचार केल्याशिवाय हा आकडा सोडून देणे मला बरोबर वाटत नाही.

नुसत्या टक्केवारीवर मात्र जाऊ नये. एकूण पांढऱ्या पेशी 4,000 असतील तर 10 टक्के म्हणजे 400, आणि त्यात वावगे काही नाही. त्या 12,000 असतील तर तेच 10 टक्के 1,200 होतात. एका मायक्रोलिटर रक्तात 500 च्या वर इओसिनोफिल गेले की ती खरी वाढ.

जंताची अळी पेशीने गिळावी एवढी लहान नसते. ती शरीराच्या मांसात, फुप्फुसात किंवा यकृतात शिरली की संरक्षक पेशी इंटरल्यूकिन-5 नावाचे रसायन सोडतात आणि अस्थिमज्जा इओसिनोफिल भराभर तयार करू लागते. या पेशी अळीला चिकटतात आणि आपल्या दाण्यांतली विषारी प्रथिने तिच्यावर ओततात. म्हणजे आकडा वाढायला जंत नुसता पोटात असून भागत नाही, तो शरीराच्या आत घुसलेला असावा लागतो. आतड्याच्या पोकळीत राहणाऱ्या सुतासारख्या बारीक कृमींनी तो फारसा हलत नाही. अमिबा, जिआर्डिया, मलेरिया हे तर एकपेशीय जीव. त्यांनीही तो सहसा वाढत नाही.

गोल जंतांच्या बाबतीत यातून एक चकवा तयार होतो. जंताची अंडी पोटात गेली की अळ्या आतड्याची भिंत भेदून यकृतामार्गे फुप्फुसात जातात, तिथून घशात येतात आणि पुन्हा गिळल्या जाऊन आतड्यात मोठ्या होतात. इओसिनोफिल सर्वांत जास्त वाढतात ते या प्रवासात. शौचात अंडी दिसू लागायला मात्र दोन-तीन महिने जातात. त्यामुळे आकडा चढलेला असताना शौचाची तपासणी निर्दोष येते आणि जंत नाहीत असा समज होतो. अनवाणी पायाच्या कातडीतून शिरणारा हुकवर्मही सुरुवातीला असाच वागतो.

पानासारखे चपटे कृमी यकृतात, फुप्फुसात किंवा रक्तवाहिन्यांत राहतात, म्हणून तेही इओसिनोफिल चांगलेच वाढवतात. फितीसारखे लांब कृमी आतड्यातच असतील तर वाढ थोडी असते. त्यांच्यातल्या हायडॅटिडची गाठ जाड वेष्टनात बंद असते. ती झिरपली किंवा फुटली की आकडा एकदम वर जातो.

सर्वांत मोठे आकडे दाखवणाऱ्यांत हत्तीरोगाचे कृमी येतात, आणि पूर्व विदर्भातल्या वाचकांना हा रोग अनोळखी नाही. पण या कृमींनी पाय सुजतोच असे नाही. समजा, एका तरुणाला कित्येक आठवडे रात्री कोरडा खोकला येतो, छातीत घरघर होते, वजन उतरते. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर बारीक ठिपके दिसतात. क्षयाची शंका येते, थुंकीत जंतू सापडत नाहीत; मग दमा ठरतो. त्याच्या रक्तात 14,000 पांढऱ्या पेशी आणि त्यांत 40 टक्के इओसिनोफिल, म्हणजे 5,600 निघाले, तर विचाराची दिशा बदलायला हवी. याला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया म्हणतात. 1940 साली मदनपल्लीच्या क्षयरुग्णालयातून फ्रिमॉट-मोलर आणि बार्टन यांनी क्षयासारख्या दिसणाऱ्या अशाच आजाराचे वर्णन केले होते. यात रात्री रक्त घेऊनही कृमीची पिल्ले दिसत नाहीत, कारण शरीर त्यांना फुप्फुसातच अडकवून मारत असते. हत्तीरोगाच्या प्रतिपिंडांची तपासणी इथे मदत करते, आणि डायइथिलकार्बामाझिन या स्वस्त औषधाचा साधारण 3 आठवड्यांचा उपचार दिला की खोकला सहसा लवकर ओसरतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या की इओसिनोफिल उतरतात आणि जंताचा माग पुसला जातो. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक गोल कृमी असेल तर हे जिवावर बेतू शकते. तो माणसाच्या शरीरातच पिढ्या वाढवत राहतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या रेल्वेमार्गावर राबवलेल्या युद्धकैद्यांत तो अनेक दशकांनंतरही सापडला. स्टेरॉइडने प्रतिकार दबला की त्याच्या अळ्या बेसुमार वाढून सगळ्या अवयवांत पसरतात, आणि नेमक्या त्या वेळी इओसिनोफिलचा आकडा साधाच दिसू शकतो.

म्हणून आकडा वाढलेला असेल आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घ्यायचे ठरत असेल, तर गोळ्या सुरू होण्याआधी तो अहवाल डॉक्टरांपुढे ठेवा. शेतात अनवाणी काम केले आहे का, कोणत्या भागात राहिला होतात, हेही सांगा. आणि शौचाची एकच तपासणी निर्दोष आली एवढ्यावर थांबू नका, कारण स्ट्राँगिलॉइडिस एका नमुन्यात अनेकदा सापडत नाही.