जेवण आणि झोप यांमधले तीन तास

एंडोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये ‘हायटस हर्निया’ हे शब्द दिसले की घरात काळजी पसरते. पण बहुतेकांच्या बाबतीत प्रकार साधा असतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूंचा पडदा असतो. त्यातल्या भोकातून अन्ननलिका खाली उतरते आणि जठराला मिळते. वय, वाढलेलं वजन किंवा वर्षानुवर्षांचा खोकला यांमुळे हे भोक सैल पडतं आणि जठराचा वरचा भाग त्यातून छातीत सरकतो. एरवी अन्ननलिकेच्या टोकाची झडप आणि भोवतीचं श्वासपटल एकाच जागी आवळून आम्ल खाली ठेवतात. जठर वर सरकलं की ही जोडी फुटते. मग आम्ल वर चढतं, छातीत जळजळ होते आणि आंबट पाणी घशाशी येतं.

समजा, एका दुकानदाराचं दुकान रात्री साडेनऊला बंद होतं. दहाला पोटभर जेवण आणि साडेदहाला अंथरूण. मध्यरात्री जळजळीने त्याला जाग येते. जेवणानंतर जठर भरलेलं असतं, त्यात तेलकट पदार्थ तर आणखी उशिरा पुढे सरकतात, आणि आडवं झाल्यावर आम्ल खाली ठेवणारं गुरुत्वाकर्षणही कामी येत नाही. त्याने सातच्या सुमारास दुकानातच पोळीभाजी खाल्ली आणि घरी आल्यावर फार तर पाणी घेतलं, तर झोपण्याआधी तीन तास मिळतात. औषधाइतकंच महत्त्व मी या एका बदलाला देईन.

दुसरा बदल पलंगाचा. डोक्याकडच्या दोन पायांखाली सहा ते आठ इंचांचे भक्कम लाकडी ठोकळे ठेवावेत. पुष्कळ जण त्याऐवजी उशांचा ढीग रचतात. त्याने मान आणि कंबर वाकते, पोट दाबलं जातं आणि त्रास वाढू शकतो. उतार पाठीपासूनच हवा. डाव्या कुशीवर झोपलं की जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं; उजव्या कुशीवर उलट घडतं.

दिवसा पोटावरचा दाब सांभाळावा. पट्टा किंवा परकराची नाडी सैल ठेवावी, जेवल्याबरोबर वाकून कामं करू नयेत. पोटाचा घेर कमी झाला की जळजळही बहुधा कमी होते. तंबाखू आणि दारू मात्र सोडायलाच हवी. कोणता पदार्थ बाधतो हे माणसागणिक बदलतं, म्हणून सरसकट सगळं वर्ज्य करण्यापेक्षा आठवडाभर नोंद ठेवणं शहाणपणाचं.

या सवयींनी सरकलेलं जठर जागेवर येत नाही, फक्त त्रास आटोक्यात राहतो. आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांनी दिली असेल, तर ती बहुधा नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. जेवणानंतर घेतली की तिचा परिणाम कमी होतो. घास अडकणं, कारण नसताना वजन घटणं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर लगेच डॉक्टरांकडे जावं. आणि छातीतलं दुखणं चालताना वाढत असेल, हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर ते ॲसिडिटीचं समजून घरी थांबू नये. तडक रुग्णालय गाठून ईसीजी काढावा.