दोन जवान आणि पाण्याचा धक्का

मिनिटाला ५७० लिटर पाणी फेकणारं नोझल ७ बार दाबावर धरलं, तर ते जवानाला सुमारे ३४ किलोच्या जोराने मागे ढकलतं. दोघांच्या तुकडीला हा होज उभ्याने धरता येतो, पण तो घेऊन खोलीत शिरणं जड जातं. मग नोझलवाला झडप अर्धी मिटतो. धक्का कमी होतो, पण पाणीही घटतं, आणि आग विझते ती पाण्याने. पंपाचा दाब निम्मा केला तरी तेच: त्याच नोझलमधून जेमतेम ४०० लिटर येतात.

उपाय म्हणजे रुंद तोंडाचं, ३.५ बारवर चालणारं नोझल. पाणी तेवढंच, धक्का साधारण २४ किलो. मात्र कमी दाबाचा होज लवकर मुडपतो. पंपावर आकडा ठीक असूनही धार अचानक मलूल झाली, तर आधी मागचं वळण पाहावं; म्हणून दुसऱ्या जवानाची जागा बहुधा दारातल्या कोपऱ्यावर.

बंद खोलीत रुंद फवारा सुरक्षित वाटतो, पण तो बरोबर भरपूर हवा ओढतो आणि वाफ जवानांवरच उलटू शकते. तिथे छताकडे मारलेली सरळ धार बरी.